भागीदारांचा पगार, जुनं डीड आणि 30 एप्रिल : केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

इंदूरच्या सियागंजात आमचं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. कोरुगेटेड बॉक्स, शीटचे रोल, टेप, बबल रॅप असा माल आम्ही विकतो. सासरे गेल्यावर 2014 मध्ये फर्म नव्याने लिहिली गेली. तिच्यात तीन भागीदार आहेत: सासूबाई, माझे धाकटे दीर आणि मी. भाऊजी खरेदी आणि गोडाऊन बघतात, मी हिशेब, उधारी आणि बँक बघते. सासूबाईंचं भांडवल आहे, पण त्या दुकानात बसत नाहीत. नफा-तोटा तिघांत समान आहे. पगार फक्त आम्हा दोघा कामकरी भागीदारांना आहे.

हे पत्र करमाफीसाठी नाही. फर्मचा कर आम्ही भरतो आणि तो भरायला आमची ना नाही. भागीदारांच्या पगाराबद्दल कायद्याने एका हाताने दिलेली सवलत डीडमधल्या, म्हणजे भागीदारीच्या करारनाम्यातल्या, एका वाक्यावर आणि कॅलेंडरमधल्या एका तारखेवर अडकून पडते, एवढंच मला मांडायचं आहे. हे आमच्यासारख्या छोट्या भागीदारी फर्म चालवणाऱ्या सगळ्यांनीही वाचावं, म्हणून पत्र खुलं ठेवते.

ज्यांना या विषयाची सवय नाही त्यांच्यासाठी आधी आमचाच हिशेब सांगते. 2024-25 या वर्षात भागीदारांचं व्याज आणि पगार धरण्यापूर्वी फर्मला 19,20,000 रुपये नफा झाला. सासूबाईंचं भांडवल 4 लाख, आम्हा दोघांचं प्रत्येकी 3 लाख, असे एकूण 10 लाख. त्यावर 12 टक्क्यांनी 1,20,000 रुपये व्याज गेलं. यापेक्षा जास्त दराने व्याज दिलं तर वरचा भाग फर्मला खर्च म्हणून मिळत नाही. उरले 18 लाख. हे आमचं बुक प्रॉफिट, आणि पगाराची मर्यादा याच्यावर ठरते.

2024 च्या अर्थसंकल्पानंतरची मर्यादा अशी आहे. बुक प्रॉफिटच्या पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के किंवा 3 लाख रुपये, यांतलं जे जास्त असेल ते. तोटा असला तरी हे 3 लाख धरता येतात. त्यापुढच्या बुक प्रॉफिटवर 60 टक्के. ही मर्यादा सर्व कामकरी भागीदारांची मिळून असते, प्रत्येकाची वेगळी नाही. बाजारात अजूनही पुष्कळ जण इथेच चुकतात. आमच्या 18 लाखांवर पहिला भाग 5,40,000 आणि दुसरा 7,20,000, म्हणजे एकूण 12,60,000 रुपये पगार फर्मला खर्च म्हणून धरता यायला हवा. मग फर्मचं करपात्र उत्पन्न राहतं 5,40,000. फर्मला वैयक्तिक करदात्यासारखी सुरुवातीची सूट नाही, पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर. म्हणजे कर 1,68,480. हा कर भरून उरलेले 3,71,520 रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी 1,23,840 येतात, आणि नफ्याच्या या वाट्यावर भागीदाराला पुन्हा कर नाही. पगार आणि व्याज मात्र भागीदाराच्या हातात त्याचं धंद्याचं उत्पन्न म्हणून करपात्र असतं.

मर्यादा का आहे, हे मला समजतं. ती नसती तर सगळा नफा पगाराच्या नावाने बाहेर काढून फर्मचं उत्पन्न शून्यावर आणता आलं असतं. म्हणून मर्यादेच्या तत्त्वावर माझी तक्रार नाही.

आता पहिली तक्रार. वर मी "धरता यायला हवा" असं लिहिलं, कारण प्रत्यक्षात 2024-25 मध्ये आम्हाला 12,60,000 धरता आले नाहीत.

आमचं डीड ज्या वकिलांनी लिहिलं त्यांनी 2014 मधली मर्यादा आकड्यांसकट कलमात उतरवली होती: पहिल्या 3 लाखांवर 90 टक्के, उरलेल्यावर 60 टक्के, आणि जी रक्कम निघेल ती दोन कामकरी भागीदारांत निम्मी-निम्मी. त्या वेळी तेच शहाणपणाचं होतं. का, ते पुढे सांगते. या शब्दांप्रमाणे 18 लाखांवर पगार निघतो 2,70,000 अधिक 9,00,000, म्हणजे 11,70,000. कायद्याने 12,60,000 ची परवानगी दिली तरी डीड 11,70,000 वर थांबतं. आणि नियम असा आहे की डीडने अधिकृत केलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त पगार फर्मला खर्च म्हणून मिळत नाही, कायद्याची मर्यादा कितीही वर असो. फरक 90,000 चा. बुक प्रॉफिट 6 लाख किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रत्येक फर्मला 2024 च्या बदलाचा पूर्ण फायदा एवढाच आहे, 90,000 रुपये वजावट आणि 28,080 रुपये कर. 2009 मध्ये ठरलेली मर्यादा पंधरा वर्षांनी हलली ती इतकी.

मग डीड बदला, असं कोणीही म्हणेल. बदललं. पण तारखा बघा. अर्थसंकल्प 23 जुलै 2024 ला मांडला गेला. विधेयकाचा कायदा ऑगस्टमध्ये झाला. आणि नवी मर्यादा लागू झाली ती 2025-26 या कर आकारणी वर्षापासून, म्हणजे 1 एप्रिल 2024 पासून सुरू झालेल्या अख्ख्या वर्षाला. उलट भागीदारी करारासाठी ही मर्यादा ठरवणाऱ्या आयकर कायद्याच्या कलम 40(ब) मध्येच लिहिलं आहे की डीडच्या तारखेपूर्वीच्या काळाचा पगार, जर तो आधीच्या डीडने अधिकृत नसेल, तर नामंजूर. कायद्याला एप्रिलपर्यंत मागे जाता येतं, डीडला येत नाही. जी मर्यादा जुलैपर्यंत कुणाला ठाऊकच नव्हती, तिच्यासाठी एप्रिलमध्ये करार कुणी आणि कसा करायचा होता?

आम्ही पूरक करारनामा केला तो डिसेंबरच्या सुरुवातीला. सासूबाईंची सही, साक्षीदार, स्टॅम्प, सगळं रीतसर. आमच्या सीएंनी सावध मार्ग धरला आणि 90,000 पैकी फक्त शेवटच्या चार महिन्यांचे 30,000 धरले. उरलेल्या 60,000 वर 18,720 रुपये कर गेला. आमची फर्म यामुळे बुडत नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. पण संसदेने जी सवलत पूर्ण वर्षासाठी दिली, ती आकडे स्पष्ट लिहिणाऱ्यालाच पूर्ण मिळू नये, हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

कारण दुसऱ्या पद्धतीने डीड लिहिणाऱ्याचीही सुटका नाही. पुष्कळ फर्मच्या डीडमध्ये आकडेच नसतात. "कामकरी भागीदारांना आयकर कायद्याच्या कलम 40(ब) मध्ये वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे पगार दिला जाईल", एवढंच वाक्य असतं. त्यांना 2024 ची वाढ आपोआप मिळाली. पण त्यांच्या डोक्यावर मंडळाचं 25 मार्च 1996 चं परिपत्रक क्रमांक 739 टांगलेलं आहे. त्यात म्हटलं आहे की डीडमध्ये प्रत्येक कामकरी भागीदाराच्या पगाराची रक्कम तरी हवी, नाहीतर ती काढण्याची रीत तरी हवी. नसेल तर वजावट नाही. मग "कलम 40(ब) प्रमाणे" ही रीत आहे की नाही? दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूद ब्रिज अँड असोसिएट्स प्रकरणात असं ठरवलं की रक्कम किंवा ती काढण्याची रीत डीडमध्येच निश्चित नसेल तर पगाराची वजावट मिळणार नाही. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने त्याच वर्षी दुर्गादास देवकीनंदन प्रकरणात कलम 40(ब) चा उल्लेख पुरेसा मानला. मध्य प्रदेशातल्या आम्हा लोकांवर यातला एकही निकाल बंधनकारक नाही.

आमच्या वकिलांनी आकडे उतरवले ते याच भीतीने. परिपत्रक पाळलं, म्हणून वाढीला मुकलो. ज्यांनी ते ढिलं पाळलं त्यांना वाढ मिळाली, पण आमच्याएवढं बुक प्रॉफिट असलेल्या अशा फर्मचं प्रकरण तपासणीत गेलं तर 90,000 नव्हे, सगळ्या 12,60,000 च्या वजावटीवर गदा येऊ शकते. प्रामाणिक माणसाने यातलं कोणतं वाक्य लिहावं, हे मंडळाने एकदा सांगून टाकावं.

यात आता आणखी एक गाठ पडली आहे. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. ज्या डीडमध्ये "1961 च्या कायद्याचं कलम 40(ब)" असं लिहिलं आहे, त्यांचं काय, हा प्रश्न बाजारात रोज विचारला जातो. 1897 च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाचं कलम 8 सांगतं की कायदा रद्द होऊन नव्याने केला गेला, तर दस्तऐवजांतला जुन्या तरतुदीचा उल्लेख, वेगळा हेतू दिसत नसेल तर, नव्या तरतुदीचा समजावा. म्हणजे कायद्यात उत्तर आहे. तरीही लोक घाबरून नवे करारनामे करताहेत, कारण ते उत्तर मंडळाच्या तोंडून त्यांना हवं आहे. चार ओळींच्या स्पष्टीकरणाने हे काम होईल.

दुसरी तक्रार टीडीएसची. 1 एप्रिल 2025 पासून कलम 194टी लागू झालं. फर्मने भागीदाराला दिलेला पगार, बोनस, कमिशन आणि व्याज मिळून वर्षात 20,000 च्या वर गेलं की 10 टक्के कापायचे. रक्कम प्रत्यक्ष दिली तेव्हा किंवा भागीदाराच्या खात्यात, अगदी भांडवल खात्यातसुद्धा, जमा टाकली तेव्हा, जे आधी असेल तेव्हा.

वरचाच हिशेब 2025-26 ला लावते, बुक प्रॉफिट तेच 18 लाख धरून. पगार आणि व्याज मिळून फर्म तिघांना 13,80,000 देते, त्यावर 1,38,000 कापले जातात. माझे पगाराचे 6,30,000 आणि व्याजाचे 36,000, मिळून 6,66,000. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंत रिबेटमुळे मला कर शून्य आहे, तरी 66,600 सरकारजमा होतात आणि विवरणपत्र भरून परत मागावे लागतात. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांना फर्मकडून 48,000 व्याज आणि बँकेकडून थोडंसं, एवढंच करपात्र उत्पन्न. नफ्याचा वाटा करमुक्त. आजवर त्यांना विवरणपत्र भरावं लागत नव्हतं, आता 4,800 रुपये परत मिळवण्यासाठी भरायचं. बँकेच्या व्याजासाठी त्या, कर कापू नका असं सांगणारा फॉर्म 15एच देत आल्या आहेत. 194टी आलं तेव्हा ती सोय या कलमाला दिली गेली नाही. याचं कारण मला कुठे वाचायला मिळालं नाही.

पण रकमेपेक्षा तारीख जास्त छळते. पगार बुक प्रॉफिटवर ठरतो, आणि बुक प्रॉफिट कळतं हिशेब पक्के झाल्यावर. खात्यात जमेची नोंद मात्र 31 मार्चची असते, म्हणून मार्चचा टीडीएस 30 एप्रिलपर्यंत भरायचा. एप्रिलमध्ये आमच्या गोडाऊनात काय चालू असतं? भाऊजी शीटचे रोल वजनावर चढवून स्टॉक लिहित असतात. घसारा लागलेला नसतो. पेपर मिलच्या दरफरकाच्या क्रेडिट नोटा मे महिन्यात येतात, त्या मार्चच्या खरेदीच्या असतात. समजा 30 एप्रिलला आम्ही 18 लाख धरून टीडीएस भरला आणि नंतर 60,000 ची क्रेडिट नोट आली. बुक प्रॉफिट 18,60,000 झालं, पगार 36,000 ने वाढला, टीडीएस 3,600 ने कमी पडला. त्या 3,600 साठी पुन्हा चलन, उशिराचं व्याज आणि दुरुस्त विवरण. टीडीएस कापून भरला नाही तर खर्चाचा 30 टक्के भाग नामंजूर होण्याची टांगती तलवार वेगळीच.

यावर सल्ला मिळतो की महिन्याचा ठराविक पगार डीडमध्ये लिहून टाका. त्याचाही हिशेब मी करून पाहिला. वर्षाचे 12,60,000 ठरवून टाकले आणि एखाद्या वाईट वर्षी बुक प्रॉफिट 5 लाखच झालं, तर मर्यादा 4,50,000. वरचे 8,10,000 फर्मला नामंजूर. खात्यात 7,60,000 चा तोटा दिसत असताना फर्मला 50,000 च्या करपात्र उत्पन्नावर कर भरायचा. नामंजूर झालेला भाग भागीदाराच्या हातात करपात्र धरला जात नाही, ही कायद्यातली चांगली तरतूद. पण त्या 8,10,000 वरचा 81,000 टीडीएस तोवर कापला गेलेला असतो. ज्या उत्पन्नावर कुणालाच कर लागणार नाही, त्याचा कर आगाऊ वसूल झालेला असतो.

आणि उचल? भागीदार घरखर्चासाठी दर महिन्याला गल्ल्यातून किंवा बँकेतून उचल घेतात. वर्षअखेरीला ती पगार, व्याज आणि नफ्याच्या वाट्यातून वळती होते. भांडवल किंवा नफ्याचा वाटा काढला तर टीडीएस नाही. पगारापोटी आगाऊ उचल असेल तर त्या महिन्यातच कापायला हवा. जूनमध्ये मी घेतलेले 40,000 यातले कशाचे, हे जूनमध्ये मीसुद्धा सांगू शकत नाही. हा गोंधळ आम्ही निर्माण केलेला नाही. भागीदारी शतकभर अशीच चालत आली आहे.

म्हणून मंडळाकडे आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते.

परिपत्रक 739 मागे घेऊन नवं काढावं. "कायद्याने वेळोवेळी परवानगी दिलेली कमाल रक्कम, कामकरी भागीदारांत अमुक प्रमाणात" असं डीडमध्ये असेल तर ती पगार काढण्याची पुरेशी रीत मानली जाईल, असं त्यात साफ लिहावं. डीडमधला 1961 च्या कायद्याचा उल्लेख नव्या कायद्यातल्या तरतुदीला लागू धरला जाईल, हेही त्याच परिपत्रकात यावं.

कायद्याने पगाराची मर्यादा वर्षाच्या मध्यात बदलली तर त्याच आर्थिक वर्षात केलेला पूरक करारनामा 1 एप्रिलपासून ग्राह्य धरावा. याला कायद्यात बदल लागेल, म्हणून मंडळाने पुढच्या वित्त विधेयकासाठी तशी शिफारस वित्त मंत्रालयाकडे करावी. 2024-25 मध्ये ज्यांनी आमच्यासारखे करारनामे केले त्यांनाही त्याचा लाभ मिळावा.

बुक प्रॉफिटवर ठरणाऱ्या पगाराचा टीडीएस भरण्याची मुदत फर्मच्या विवरणपत्राच्या मुदतीला जोडावी. वर्षअखेरीला वळती होणारी उचल त्या वळतीच्या तारखेलाच पगार मानावी. 20,000 ची मर्यादा वाढवावी आणि ज्या भागीदाराला करच लागत नाही त्याला बँकेच्या व्याजाप्रमाणे स्वयंघोषणा देण्याची मुभा द्यावी.

यातली पहिली मागणी आणि उचलीबद्दलचं स्पष्टीकरण परिपत्रकाने होण्यासारखं आहे, त्यासाठी संसदेची वाट बघायची गरज नाही. येत्या 31 मार्चला आम्हाला पुन्हा पगाराच्या नोंदी टाकायच्या आहेत. त्याआधी एवढं तरी लेखी मिळावं, ही विनंती.

आपली,
एका भागीदारी फर्मची कामकरी भागीदार
सियागंज, इंदूर